धडा : कार्पेटच्या टाइला आणि एक जादा खोके



शहाबादी फरशी आपल्या ओळखीची. पण आता तालुक्याच्या गावीही काही कचेऱ्यांत गालिच्याची फरशी दिसू लागली आहे. तिला बाजारात कार्पेट टाइल म्हणतात. एक टाइल बहुधा ५० सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद असते, म्हणजे वीस इंचांना थोडी कमी. वर आखूड लोकर असावी तशी दाट तंतूंची वीण, खाली जड पाठ. सबंध गालिचा अंथरण्याऐवजी असे चौकोनी तुकडे एकाला एक भिडवून लावतात. एक तुकडा खराब झाला तर तेवढाच काढता येतो. हाच तिचा मुख्य फायदा.

वाशीम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांची एक संस्था आहे. तिचे हिशेब पाहायला आम्ही आठवड्यातून दोनदा जातो. कचेरी माडीवर आहे आणि खालच्या खोलीत मुलींची शिकवणी चालते. वर खुर्ची सरकली की खाली खरखर ऐकू जाई. म्हणून कमिटीने वर कार्पेट टाइल लावायचे ठरविले. पैसा सभासदांचा, तेव्हा काम नीट करून घेण्याची जबाबदारी आमच्यावर आली. त्या कामात जे शिकलो ते या धड्यात सांगतो.

१. किती टाइला लागतील?

खोली ५ मीटर ३० सेंटिमीटर लांब आणि ४ मीटर २० सेंटिमीटर रुंद होती. दुकानदाराने लांबी-रुंदीचा गुणाकार केला. क्षेत्रफळ सव्वाबावीस चौरस मीटर आले. चार टाइलांचा एक चौरस मीटर होतो. तेव्हा तो म्हणाला, "नव्वद टाइला पुरतील." खोक्यात वीस टाइला होत्या. म्हणजे साडेचार खोकी. सुटे मिळत नाही म्हणून पाच.

मिस्त्री मात्र मान हलवीत होते. ते म्हणाले, "गुरुजी, क्षेत्रफळानं टाइल मोजू नका. रांगा मोजा. कडेचा तुकडा कापला का उरलेली पट्टी कामाची राहत नाई."

मग आम्ही रांगा मोजल्या. लांबीच्या ५३० सेंटिमीटरमध्ये १० पूर्ण टाइला बसतात आणि ३० सेंटिमीटर उरतात. रुंदीच्या ४२० मध्ये ८ बसतात आणि २० उरतात. एका भिंतीपासून सुरुवात केली तर दुसऱ्या भिंतीशी २० सेंटिमीटरची अरुंद पट्टी येते. अरुंद पट्टीला चिकटायला जागा थोडी. केरसुणी लागून, पाय लागून ती आधी उचकटते. दिसायलाही एका अंगाला पूर्ण टाइल आणि दुसऱ्या अंगाला चिंधी, असे होते.

म्हणून मिस्त्री खोलीच्या मधून निघाले. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून त्यांनी दोन सुते मारली. जेथे सुते एकमेकांना छेदतात तेथे गुण्या लावला. गुण्या लहान पडतो म्हणून एका सुतावर ३ फूट, दुसऱ्यावर ४ फूट अशा खुणा केल्या. त्या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ फूट भरले. म्हणजे कोन काटकोन झाला.

आता मधल्या बिंदूवर टाइलांचा सांधा घ्यावा की एका टाइलेचा मध्य घ्यावा? सांधा घेतला तर लांबीच्या दोन्ही टोकांना १५-१५ आणि रुंदीच्या दोन्ही टोकांना १०-१० सेंटिमीटरच्या चिंध्या येत होत्या. टाइलेचा मध्य घेतला तेव्हा लांबीत ९ पूर्ण टाइला आणि दोन्ही टोकांना ४०-४० चे तुकडे आले. रुंदीत ७ पूर्ण आणि दोन्ही टोकांना ३५-३५ चे. कोणताही तुकडा अर्ध्या टाइलेपेक्षा लहान नाही. असाच नियम धरावा.

आता एकूण मोजा. लांबीत ११ आणि रुंदीत ९. अकरा नव्वे नव्याण्णव. पाच खोक्यांत १०० टाइला. उरते फक्त एक! एखादी कापताना चुकली तर तीही गेली. म्हणून आम्ही सहावे खोके मागितले. कमिटीतील एक सभासद रागावले, "गुरुजी, अख्खं खोकं काय माळ्यावर ठेवासाठी घ्याचं?" त्याचे उत्तर पुढे येईल.

२. पाठीवरचा बाण

टाइल उलटी केली की पाठीवर एक बाण छापलेला दिसतो. तो कशासाठी? बैलाच्या अंगावरून हात फिरवून पाहा. केसांच्या दिशेने फिरविला तर मऊ लागते. उलटा फिरविला तर केस उभे राहतात आणि रंग वेगळा दिसतो. टाइलेच्या तंतूंचेही तसेच आहे. ते एका बाजूला किंचित कललेले असतात. खिडकीचा उजेड पडला की उलटी लावलेली टाइल शेजारणींपेक्षा काळी किंवा उजळ दिसते. पाहणाऱ्याला वाटते डाग पडला.

लावण्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत सगळे बाण एकाच दिशेला ठेवतात. दुसरीत प्रत्येक टाइल शेजारच्या टाइलेपासून पाव फेरा फिरवितात, तेव्हा एक बाण उभा आणि एक आडवा असा बुद्धिबळाचा पट दिसतो. आपल्या टाइलेला कोणती रीत योग्य, हे खोक्यावर चित्राने दाखविलेले असते. आमच्या टाइलेवर बारीक रेघा होत्या आणि चित्रात सगळे बाण एका दिशेला होते. म्हणून आम्ही जमिनीवर खडूने एक मोठा बाण काढला, दारातून खिडकीकडे. प्रत्येक टाइल लावण्यापूर्वी तिचा बाण त्याच्याशी ताडून पाहिला. अर्धी खोली आधी डिंक न लावता नुसती मांडली आणि दारात उभे राहून पाहिली. एक टाइल उलटी सापडली. तेव्हा सापडली म्हणून सहज सुधारली.

३. कडेचा तुकडा कसा कापावा?

भिंत कधी सरळ नसते. एक तुकडा मोजून बाकीचे त्याच मापाने कापले तर कोठे फट पडते, कोठे टाइल फुगते. म्हणून प्रत्येक तुकडा जागेवरच मोजावा. त्याला टेप लागत नाही. मिस्त्रींची रीत अशी.

भिंतीजवळची शेवटची पूर्ण टाइल लावलेली आहे. जी कापायची ती टाइल बरोबर तिच्यावर ठेवा. बाण त्याच दिशेला असू द्या. आता तिसरी टाइल घ्या. ती या दोघींच्या वर ठेवून भिंतीला भिडेपर्यंत सरकवा. तिची आतली कड मधल्या टाइलेवर जेथे येते, तेथे दोन्ही टोकांना सुरीने खूण करा. मधल्या टाइलेचा जो भाग उघडा राहिला, तेवढाच रिकाम्या जागेत बसतो. टाइल उलटी करा, दोन्ही खुणांवर लोखंडी पट्टी ठेवा आणि पाठीकडून कापा. पाते नवे असावे. बोथट पात्याने तंतू ओढले जातात आणि कड झिपरी होते. तुकडा बसविताना कापलेली कड भिंतीकडे आणि कारखान्याची कड शेजारच्या टाइलेकडे ठेवा. या रीतीने बाणही बदलत नाही.

तुकडा दाबून बसवावा लागला तर तो मोठा आहे. थोडा छाटा. ठासून बसविलेली टाइल पुढे सांध्यात वर उचलते.

४. डिंक आणि ओल

टाइल कायमची चिकटवायची नसते. तिच्यासाठी वेगळा डिंक मिळतो. तो जमिनीवर पातळ फिरवून थोडा सुकू द्यावा. बोटाला चिकट लागला, पण बोटावर आला नाही, की टाइल ठेवावी. मग ती सरकत नाही आणि ओढली तर निघते. चपलेचा पक्का सोल्युशन लावला तर काढताना पाठ फाटते आणि सगळा फायदा जातो.

जमीन मात्र कोरडी हवी. हात-दीड हात प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी पट्टीने चिकटवून एक दिवस ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले तर जमिनीत ओल आहे. तेथे ही टाइल लावू नका. डिंक सुटेल आणि वास येईल. थेंब नाही दिसले तरी पावसाळ्यात पुन्हा पाहावे. ज्या खोलीत बादलीने पाणी ओतून धुतात, तेथेही ही टाइल नको. काळ्या मातीचा चिखल आला तर ओला पुसू नये. वाळू द्यावा, मग झाडावा.

५. सहावे खोके

आता त्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. पूर्वी दुसऱ्या एका कचेरीत आम्हीच काटकसर म्हणून जादा टाइला घेतल्या नव्हत्या. दोन वर्षांनी टेबलाजवळ शाई सांडली. त्याच नंबराच्या टाइला मागविल्या. नंबर तोच, पण रंगाचा घाणा वेगळा. खोलीच्या मध्यावर ठिगळ दिसू लागले. चूक आमचीच होती.

रंगाच्या घाण्याचा नंबर खोक्यावर छापलेला असतो. सगळी खोकी एकाच घाण्याची आहेत हे घेतानाच पाहावे. मोठ्या जागेत शंभरास पाच जादा टाइला ठेवल्या तरी चालते. आमच्या लहान खोलीत खोकेच घ्यावे लागले. त्यावर आम्ही खोलीचे नाव, टाइलेचा नंबर, घाण्याचा नंबर, तारीख आणि बाणांची रीत लिहिली. खोके आडवे, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवले.

पहिल्याच पावसाळ्यात खिडकीतून पाणी आले आणि चार टाइला डागाळल्या. शिपाईदादांनी त्या उचलल्या, जमीन वाळविली, नव्या बसविल्या. अर्धा तासही लागला नाही. रागावलेले सभासद ते पाहत होते. म्हणाले, "बरं झालं, ठेवलं ते."

एक युक्ती लक्षात ठेवा. बरीच वर्षे तुडविलेल्या खोलीत कोरी टाइल उठून दिसते. अशा वेळी कपाटाखालची पूर्ण टाइल काढून मध्ये लावावी आणि कोरी कपाटाखाली घालावी. कपाटाखालची तुडविली गेलेली नसते, पण इतरांइतकीच जुनी असते. म्हणून ती कोरीपेक्षा कमी उठून दिसते.

अमेरिकेत १९७३ साली सुरू झालेल्या इंटरफेस नावाच्या कंपनीने याच अडचणीवर दुसरा उपाय काढला. जंगलातील पाचोळ्यातले एक पान उचलून दुसरे ठेवले तर कोणाला कळते? या विचाराने त्यांनी २००० साली अशा टाइला काढल्या, की प्रत्येकीची नक्षी थोडी वेगळी असते. त्या कोणत्याही दिशेला लावता येतात आणि बदललेली ओळखू येत नाही. मात्र हे त्या जातीच्या टाइलांपुरतेच. खोक्यावर तसे चित्र नसेल तर बाण पाळलाच पाहिजे.

सराव

एक खोली ४ मीटर ६० सेंटिमीटर लांब आहे. मधल्या बिंदूवर सांधा घेतला तर टोकाचे तुकडे किती सेंटिमीटरचे येतील? टाइलेचा मध्य घेतला तर किती? कोणती रीत घ्याल?

(उत्तर : सांधा घेतला तर ३०-३०, मध्य घेतला तर ५-५. येथे सांधा घ्यावा. प्रत्येक खोलीचे माप वेगळे असते, म्हणून दोन्ही रीतींनी मोजून पाहावे.)