पत्ता बदलला तरी घर सापडते

प्रश्न : आमची शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. घरी फायबरचे इंटरनेट, चार कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर आणि विक्रीचा हिशेब ठेवलेला संगणक आहे. मी पुण्याला असतो. पावसाळ्यात विक्री जोरात असली की रोजचा हिशेब इथूनच पाहावा लागतो. घरच्या इंटरनेटचा पत्ता लिहून ठेवला होता आणि त्यावरून काम चालत होते. पण लाइन गेली आणि परत आली की पत्ता बदलतो. ‘डायनॅमिक डीएनएस घ्या, म्हणजे पत्ता कायम होईल’ असे एकाने सांगितले. हे खरे आहे का? — एक वाचक, शेंदूरजनाघाट (ता. वरुड)

उत्तर : अर्धे खरे आहे. डायनॅमिक डीएनएसने पत्ता कायम होत नाही. तो बदलतच राहतो. कायम राहते ते नाव. मोबाइलमध्ये आपण काकांचे नाव साठवतो, त्यांचा नंबर बदलला की नव्या नंबराची नोंद करतो आणि पुढेही नावावरूनच फोन लावतो. इथे तेच घडते, फक्त नवी नोंद करण्याचे काम घरातले यंत्र आपणहून करते.

आधी पत्ता का बदलतो, ते पाहू. इंटरनेट कंपनीकडे पत्त्यांचा एक साठा असतो आणि जोडणी सुरू झाली की त्यातला एक मोकळा पत्ता तुमच्या राउटरला तात्पुरता मिळतो. लाइन गेली की फायबरचा डबा आणि राउटर बंद पडतात, जोडणी तुटते आणि पत्ता साठ्यात परत जातो. लाइन आल्यावर जोडणी नव्याने होते. तेव्हा जुनाच पत्ता मिळेल याची खात्री नसते. म्हणजे यात बिघाड काहीच नाही. साध्या घरगुती जोडणीची रीतच अशी आहे.

डायनॅमिक डीएनएसची सेवा तुम्हाला एक नाव देते. डकडीएनएस ही अशी एक मोफत सेवा आहे. तिथे खाते उघडले की `NAAV.duckdns.org` या धर्तीचे नाव आणि ‘टोकन’ नावाची एक गुप्त खूण मिळते. पुष्कळ राउटरमध्ये डायनॅमिक डीएनएसचे पान असते. तुमची सेवा त्यातल्या यादीत असेल तर माहिती तिथेच भरावी. नसेल तर घरच्या संगणकाने दर पाच मिनिटांनी ही एक ओळ चालवली तरी पुरते :

```
curl "https://www.duckdns.org/update?domains=NAAV&token=TOKEN&ip="
```

विंडोजमध्ये टास्क शेड्युलरने आणि लिनक्समध्ये क्रॉनने ही ओळ वेळच्या वेळी चालवता येते. शेवटी `ip=` च्या पुढे काही लिहिलेले नाही, ते मुद्दाम. विनंती ज्या पत्त्यावरून आली तोच पत्ता सेवा नोंदवून घेते आणि `OK` असे उत्तर देते. टोकन चुकले असेल तर `KO` येते.

आता लाइन गेल्यावर काय होते ते क्रमाने पाहा. समजा, सकाळी घरचा पत्ता `203.0.113.24` होता. दुपारी लाइन गेली, परत आली आणि राउटरला `203.0.113.90` मिळाला. जास्तीत जास्त पाच मिनिटांत संगणक ती ओळ चालवतो आणि नोंद बदलते. एकदा विचारलेला पत्ता पुण्यातला संगणक थोडा वेळ लक्षात ठेवतो. अशा सेवांमध्ये ही मुदत साधारण एक मिनिटाची असते. म्हणजे लाइन आल्यावर सहा-सात मिनिटांत तेच नाव नव्या पत्त्यावर पोचवू लागते. अट एवढीच की, लाइन आल्यावर घरचा संगणक कोणी बटण न दाबता सुरू झाला पाहिजे. वीज परतल्यावर आपोआप सुरू व्हायची सोय बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये असते. ती चालू नसेल तर नोंद करणारे यंत्रच बंद राहील आणि नाव जुना पत्ताच दाखवत बसेल.

पण यात एक मोठी अडचण येऊ शकते, आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. जगात जुन्या धर्तीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते अपुरे आहेत. आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ सालीच संपत आला. म्हणून अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांत मिळून वापरतात. तुमच्या राउटरला मिळतो तो कंपनीच्या जाळ्यातला आतला पत्ता. याच कामासाठी २०१२ साली `100.64.0.0` पासून `100.127.255.255` पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. घरातून बाहेर जाणारी विनंती आणि तिचे उत्तर यांची जोडी कंपनीचे यंत्र लक्षात ठेवते, म्हणून व्हिडिओ, बँक, सगळे नीट चालते. मात्र बाहेरून आपणहून कोणी त्या पत्त्यावर आले, तर ते कोणत्या घरी पाठवायचे हे त्या यंत्राला कळत नाही आणि ते दार उघडत नाही.

तुमची जोडणी पूर्वी पत्त्यावरून चालत होती, म्हणजे तेव्हा तरी तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत होता. तरी आज काय स्थिती आहे ते तपासून घ्या, कारण कंपनी व्यवस्था बदलू शकते. राउटरच्या पानावर ‘WAN IP’ हा आकडा पाहा. मग घरच्याच वायफायवरून ‘माझा आयपी पत्ता’ सांगणारे कोणतेही संकेतस्थळ उघडा आणि तिथला आकडा पाहा. दोन्ही सारखे असतील तर वाट मोकळी आहे. राउटरमधला आकडा वरच्या `100` च्या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट आहे. तो `192.168` ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीच्या डब्यामागे तुम्ही आपला दुसरा राउटर लावला आहे. कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा आणि पुन्हा तपासावे.

इथे त्या `OK` वर विसंबू नका. सीजीनॅट असतानाही डकडीएनएस `OK` च म्हणते, कारण अनेक घरांचा सामायिक पत्ता तिने बिनचूक नोंदवलेला असतो. नोंद बरोबर आहे, पण त्या पत्त्यावरून तुमच्या घरात शिरता येत नाही.

सीजीनॅट निघाले तर तीन वाटा आहेत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा. मग डायनॅमिक डीएनएसची गरजच उरत नाही. किंवा कंपनी आयपीव्ही६ देत असेल तर त्या पत्त्याची नोंद करावी. मात्र तेव्हा पुण्यातल्या जोडणीलाही आयपीव्ही६ हवे आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये नेमकी परवानगी द्यावी लागते. तिसरी वाट टेलस्केलसारख्या सेवेची. तिच्यात घरचे आणि पुण्याचे यंत्र दोघेही बाहेरच्या सर्व्हरशी स्वतःहून बोलतात आणि त्याच्या मदतीने एकमेकांना गाठतात. तुमच्या कॅमेऱ्याचे कंपनीचे ॲप कोणतीही मांडणी न करता चालते, तेही याच कारणाने. नुसते कॅमेरेच पाहायचे असते तर ते ॲप पुरले असते. तुम्हाला संगणकही गाठायचा आहे, म्हणून ही सारी खटपट.

दोन्ही आकडे सारखे निघाले, असे धरून पुढे जाऊ. नावाने पाहुणा राउटरपर्यंत येतो. आत कुठे जायचे ते नाव सांगत नाही. त्यासाठी रेकॉर्डरचे पोर्ट राउटरमधून थेट बाहेर उघडायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या जोरावर डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिका-युरोपात अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. ही डिन म्हणजे डायनॅमिक डीएनएस लोकांत रुजवणारी कंपनी. असे उघडे पोर्ट शोधणारी यंत्रे इंटरनेटवर अखंड फिरत असतात. नाव कोणाला सांगितले नाही म्हणून पोर्ट लपत नाही.

त्याऐवजी वायरगार्ड हा व्हीपीएन वापरा. ज्या राउटरमध्ये त्याची सोय आहे असा राउटर घ्यावा आणि त्याचे एकच पोर्ट, नेहमीचे `51820`, तेवढे उघडे ठेवावे. योग्य किल्ली जवळ नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. पुण्यातल्या लॅपटॉपवरच्या मांडणीत घरासंबंधीचा भाग असा दिसेल :

```
[Peer]
PublicKey = RAUTARCHI_KILLI
Endpoint = NAAV.duckdns.org:51820
AllowedIPs = 192.168.47.0/24
PersistentKeepalive = 25
```

`192.168.47` हा पट्टा सहज घेतलेला नाही. बहुतेक राउटर `192.168.0` किंवा `192.168.1` वापरतात. पुण्यातल्या खोलीचे आणि शेंदूरजनाघाटच्या घरचे वायफाय एकाच पट्ट्यातले असेल, तर `192.168.1.50` म्हणजे घरचा रेकॉर्डर की खोलीतले एखादे यंत्र, हे लॅपटॉपला ठरवता येत नाही. म्हणून घरच्या राउटरचा पट्टा आधी वेगळा करून घ्यावा आणि संगणक व रेकॉर्डर यांना त्यातले ठरावीक पत्ते नेमून द्यावेत.

तरीही एखाद्या दिवशी जोडणी लागणार नाही. तेव्हा पुण्याहून हे चालवा :

```
nslookup NAAV.duckdns.org
```

आलेला पत्ता घरी फोन करून तिथल्या राउटरमधल्या आकड्याशी ताडून पाहा. वेगळा असेल तर नोंद करणारे यंत्र बंद आहे. सारखा असूनही जोडणी नसेल, तर वायरगार्ड एकदा बंद करून चालू करा. वायरगार्ड नावावरून पत्ता शोधतो तो फक्त सुरू होताना. मध्येच घरचा पत्ता बदलला तर तो जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. आणि पहिली चाचणी घरच्या वायफायवर बसून करू नका. आतून निघून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येणे अनेक राउटरांना जमत नाही, त्यामुळे सारे नीट असूनही चाचणी फसते. मोबाइलचा डेटा वापरून पाहा.

तेव्हा नाव घेण्याआधी किंवा नव्या राउटरवर पैसे घालण्याआधी घरी फोन लावा आणि ते दोन आकडे वाचून घ्या. सारखे असतील तर मोफत डायनॅमिक डीएनएस आणि वायरगार्ड एवढ्यावर तुमचे काम भागेल. वेगळे असतील तर प्रथम कंपनीशी बोला. ती वाट मोकळी होईपर्यंत कोणत्याही डायनॅमिक डीएनएसचा तुम्हाला उपयोग नाही.