मुलाखत झाली, पण पुढे निरोपच नाही : विचारणा कधी, किती वेळा आणि कुठे थांबायचं?



निकालाचे आणि प्रवेशाचे दिवस आले की आपले जुने विद्यार्थी भेटतात. पदवी झालेली असते, नोकरीच्या मुलाखती सुरू असतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मुलाखत छान झाली. एचआर म्हणाल्या, आठवड्यात कळवतो. आता पंधरा दिवस झाले, फोन नाही की मेल नाही. विचारू का? की बरं दिसणार नाही?" घरी आईवडिलांनाही हाच घोर लागलेला असतो. म्हणून आज याच विषयावर थोडं सविस्तर बोलूया.

आधी समजून घ्या : गप्प का बसतात?

निवड झाली नाही म्हणूनच कळवलं नाही, असं आपण लगेच धरून चालतो. पण बऱ्याचदा कंपनीचा निर्णयच झालेला नसतो. खासगी कंपनीत एका जागेसाठी सहसा दोन-तीन जण शेवटपर्यंत ठेवलेले असतात. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर जाते. तो सध्याच्या नोकरीत असेल तर त्याला तिथे नोटीस पिरियड पूर्ण करावा लागतो, आणि तो एक महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. तो नक्की येतोय हे कळेपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला 'हो'ही म्हणत नाहीत आणि 'नाही'ही म्हणत नाहीत. कधी पगाराची मंजुरी वरून यायची असते, कधी ती जागाच रद्द होते. मुलाखत एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत झाली असेल तर त्यांनाही कंपनीकडून काही कळलेलं नसतं.

म्हणजे या शांततेचा अर्थ बाहेरून लावता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे नीट आणि मोजकं विचारणं.

विचारण्याआधी तीन गोष्टी तपासा

मेलमधला स्पॅम फोल्डर उघडून पाहा. बायोडेटावरचा मोबाइल नंबर बरोबर आहे ना आणि तो चालू आहे ना, ते बघा. तिसरं म्हणजे अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल. मुलं असे फोन उचलत नाहीत, आणि एचआरचा फोन बहुतेक वेळा अनोळखी नंबरवरूनच येतो.

एक उदाहरण तारखांसकट

समजा, तुमच्या मुलीची पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मंगळवारी, ६ मे रोजी मुलाखत झाली. निघताना तिने विचारलं, "निर्णय साधारण कधीपर्यंत होईल? आणि मी कोणाशी संपर्क साधू?" उत्तर मिळालं, "आठवड्यात कळवू." हा प्रश्न मुलाखतीतच विचारायला मुलांना शिकवा. पुढचं सगळं गणित या तारखेवर बसतं.

७ मे : दोन ओळींचा आभाराचा मेल. ही विचारणा नाही, त्यामुळे मोजायची नाही.

१५ मे, गुरुवार : पहिली विचारणा. आठवडा १३ तारखेला संपला, त्यावर कामाचे दोन दिवस जाऊ दिले. (तारीख दिलीच नसेल तर मुलाखतीनंतर कामाचे सात दिवस थांबावं.) नवा मेल लिहू नये, जुन्या मेललाच उत्तर द्यावं, म्हणजे समोरच्याला सगळं एका जागी दिसतं. मेल इंग्रजीत लिहावा लागला तरी आशय असा हवा :

"नमस्कार मॅडम, ६ मे रोजी अकाउंट्स असिस्टंट पदासाठी माझी मुलाखत झाली होती. मला या कामात रस आहे. निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे, एवढं कळू शकेल का? आणखी कागदपत्रं हवी असल्यास लगेच पाठवते."

इथे प्रश्न तारखेचा आहे. "माझी निवड झाली का?" याचं उत्तर एचआरला अजून देता येत नसतं, म्हणून असा मेल बाजूला पडतो. "अजून दोन आठवडे लागतील" हे मात्र कुणालाही सहज सांगता येतं.

२७ मे, मंगळवार : उत्तर नाही, म्हणून दुसरी विचारणा. यात काहीतरी नवं असावं. उदाहरणार्थ, "दरम्यान माझा टॅलीचा कोर्स पूर्ण झाला, प्रमाणपत्र जोडलं आहे." नवं काही नसेल तर ओढूनताणून आणू नये. या टप्प्यावर एक फोनही चालेल, कामाच्या वेळेत आणि दोन मिनिटांचा. उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावू नये. व्हॉट्सअ‍ॅप फक्त तेव्हाच, जेव्हा त्यांनी स्वतः आधी त्यावर संपर्क केला असेल. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे उत्तर मिळालं, असं नाही.

६ जून, शुक्रवार : तिसरा आणि शेवटचा मेल. "आपण व्यस्त असाल हे समजते. ही जागा भरली असेल असं धरून मी इतरत्र प्रयत्न सुरू ठेवते आहे. पुढे संधी निघाल्यास जरूर कळवा." यात रुसवा नको, टोमणा नको. पहिल्या पसंतीचा उमेदवार ऐनवेळी आलाच नाही, तर कंपनी याच यादीकडे परत वळते. तेव्हा हा नीट लिहिलेला मेल उपयोगी पडतो.

इथे थांबायचं. मुलाखतीपासून बरोबर एक महिना आणि तीन संदेश. आपल्या कार्यालयीन कामकाजात स्मरणपत्र क्रमांक १, २, ३ पाठवायची पद्धत आहे, कारण तिथे उत्तर देणं समोरच्यावर बंधनकारक असतं. इथे तसं बंधन नाही. चौथ्या-पाचव्या मेलने निर्णय बदलत नाही, फक्त नाव नको त्या कारणाने लक्षात राहतं.

मधेच काही घडलं तर

त्यांनी उत्तरात नवी तारीख दिली, तर मोजणी त्या तारखेपासून पुन्हा सुरू करा. तशी तारीख दोनदा टळली, तर तिसऱ्यांदा वाट पाहू नका.

दुसरीकडून ऑफर आली, तर मात्र ठरलेल्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी कळवावं : "मला दुसरीकडून ऑफर आली आहे, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. आपला निर्णय त्याआधी कळला तर बरं होईल." पण हे खरं असेल तरच. खोटी ऑफर सांगितली आणि समोरून "मग ती घ्या" असं आलं, तर हातचं जातं. सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर हातातली ऑफर स्वीकारावी.

आणि बरेच दिवस शांतता असताना अचानक "तुमची निवड झाली, नोंदणीसाठी पैसे भरा" असा फोन आला, तर पैसे भरू नका. कंपनीच्या मूळ मेलवर किंवा कार्यालयाच्या नंबरवर आधी खात्री करा.

पालकांसाठी दोन गोष्टी

मुलाच्या वतीने एचआरला फोन करू नका. "माझ्या मुलीचं काय झालं?" असं विचारलं की ही मुलगी स्वतः बोलू शकत नाही असा समज होतो. मेल तिनेच लिहावा, तुम्ही फक्त वाचून पाहा.

दुसरं, या महिन्यात बाकीचे अर्ज थांबू देऊ नका. "त्यांचं कळू दे, मग बघू" असं म्हणत मुलं महिना घालवतात. आपण ६, १५ आणि २७ तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची, ती याचसाठी. मधल्या दिवसांत रोज मेल उघडून बसण्यापेक्षा दुसऱ्या मुलाखतीची तयारी करता येते.

शिक्षक मित्रांनो, आपण नववी-दहावीला औपचारिक पत्रलेखन शिकवतो. त्यात विनंतीपत्र आणि मागणीपत्र येतं. या वर्षी वरचं उदाहरण देऊन मुलांकडून पहिल्या विचारणेचा मेल लिहून घ्या. अट एकच, पाच ओळींच्या आत आणि प्रश्न फक्त तारखेचा.