क्रिएटिनिन १.४ आणि आमचा फॅमिली ग्रुप

आमच्या फॅमिली ग्रुपवर क्रिएटिनचे फॉरवर्ड गेली काही वर्षं फिरताहेत. कुणाचं पोरगं जिमला जायला लागलं की ते हमखास उगवतात. 'ही पावडर म्हणजे स्टेरॉइडच', 'टक्कल पडतं', 'किडन्या जातात'. कुणीतरी हात जोडलेली इमोजी टाकतं, कुणी 'खरंय' म्हणतं आणि विषय दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातखाली गाडला जातो.

यंदा मात्र घरातलाच एक रिपोर्ट आला. माझा भाचा २४ वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत त्याचं क्रिएटिनिन १.४ निघालं. लॅबची मर्यादा १.३ पर्यंतची, त्यामुळे आकडा ठळक छापलेला आणि खाली ईजीएफआर ७२. माझ्या थोरल्या बहिणीने घाबरून रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर आप्पाकाकांनी 'पावडरीने तरुणाच्या दोन्ही किडन्या निकामी' असा व्हिडिओ पाठवला, सुमनआत्याने कुणाच्या तरी डायलिसिसचा खर्च सांगितला आणि संध्याकाळपर्यंत पावडरीचा डबा कचऱ्यात, भाचा ग्रुपच्या बाहेर.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं काम करते. असे रिपोर्ट रोज हातून जातात. म्हणून ग्रुपवर काही लिहिण्याआधी भाच्याला फोन केला आणि विचारलं, पावडर किती घेतोस, तपासणीच्या आदल्या दिवशी व्यायाम कोणता केलास, रात्री जेवलास काय? रोज ५ ग्रॅम, आदल्या संध्याकाळी पायांचा जड व्यायाम, रात्री मटण. क्रिएटिनिन वाढवणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, आणि रक्त देताना भरलेल्या फॉर्मवर यातली एकही नाही.

क्रिएटिन आपलं शरीरही बनवतं, रोज साधारण १ ग्रॅम. मांसाहार करणाऱ्यांना जवळपास तेवढंच मटण-माशांतून मिळतं. त्याचा बहुतेक साठा स्नायूंत असतो. या साठ्यातलं दीड-दोन टक्के क्रिएटिन रोज आपोआप मोडतं आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. ते रक्तात येतं आणि किडन्या ते लघवीवाटे बाहेर टाकतात. मोरीत पाणी साचलं की दर वेळी नळीच तुंबलेली असते असं नाही, वरचा नळही मोठा सुटलेला असू शकतो. पावडर घेतली की स्नायूंतला साठा वाढतो, म्हणून क्रिएटिनिनही थोडं जास्त तयार होतं. शिजलेल्या मांसात तयार क्रिएटिनिनही असतं, त्यामुळे मटणाच्या जेवणानंतर काही तास आकडा चढलेला राहतो.

घरच्यांना १.४ पेक्षा त्या ७२ ची धास्ती जास्त होती, कारण 'किडनी बहात्तर टक्केच चालते' असा अर्थ त्यांनी लावला. ईजीएफआर बहुतेक रिपोर्टांत वेगळा मोजलेला नसतो. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून तो सूत्राने काढलेला असतो. चोवीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ धरलं तर हल्लीच्या सूत्राने ७२ येतात आणि १.१ धरलं तर ९६. म्हणजे रिपोर्टवर धोक्याचे दोन आकडे दिसत असले तरी पुरावा एकच होता.

भाच्याच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या नीट क्रमाने केल्या. रक्तदाब पाहिला, तो ठीक. युरिया ठीक. लघवीत अल्ब्युमिन नाही. मग सिस्टॅटिन सी मोजायला सांगितलं. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी बनवतात. त्याचा क्रिएटिनच्या साठ्याशी संबंध नाही, म्हणून किडनी किती गाळते याचा वेगळा अंदाज त्यावरून मिळतो. ते ०.८५ आलं आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर १११ च्या आसपास. पावडर सहा आठवडे बंद ठेवून, आदले दोन दिवस जड व्यायाम आणि मटण टाळून पुन्हा रक्त दिलं तेव्हा क्रिएटिनिन १.१ होतं.

एवढं हातात आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. भाच्याची परवानगी घेतली, तरी मेसेजमध्ये त्याचा उल्लेख केला नाही. मेसेज असा होता:

"आप्पाकाका, सुमनआत्या आणि सगळ्यांना नमस्कार. क्रिएटिनबद्दल आपल्या ग्रुपवर बरंच येतं. काळजीपोटीच येतं, हे मला माहीत आहे. त्यातल्या चार गोष्टींबद्दल लिहिते.

एक, किडनी. ज्यांच्या किडन्या निरोगी आहेत त्यांनी रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने किडन्या बिघडतात, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मात्र रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, हे खरं आहे. त्यामुळे रिपोर्ट बिघडलेला दिसतो आणि आपण घाबरतो. अशा वेळी डॉक्टरांना पावडरीबद्दल सांगावं. शंका राहिली तर काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील.

दोन, स्टेरॉइड. क्रिएटिन हे हार्मोन नाही आणि स्टेरॉइडही नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते नाही. पण व्यायामाआधी घ्यायच्या काही मिश्र पावडरींत क्रिएटिनबरोबर भरपूर कॅफीन आणि इतर बरंच काही असतं. त्यामुळे छातीत धडधड होते, झोप उडते आणि बोल क्रिएटिनला लागतो. घ्यायचंच असेल तर डब्यावर फक्त क्रिएटिन मोनोहायड्रेट लिहिलेलं आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेलं घ्यावं.

तीन, केस. ही भीती २००९ सालच्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका लहानशा अभ्यासातून आली. त्यात रग्बी खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांमध्ये केसगळतीशी जोडलं जाणारं एक हार्मोन वाढलेलं दिसलं. केस गळतात का, हे त्यात पाहिलंच नव्हतं. २०२५ मध्ये आलेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत केसही तपासले, तेव्हा पावडर घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही.

चार, अंगात पाणी भरतं. सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढू शकतं, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि ते मुख्यतः स्नायूंत असतं. ही पायावरची सूज नव्हे. पाय सुजत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किडनीचा आजार, एकच किडनी, लघवीतून प्रथिनं जाणं, बरीच वर्षं मधुमेह किंवा रक्तदाब, रोजच्या रोज दुखण्यावरच्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. अठराच्या आतल्या मुलांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. कुणाला रिपोर्ट दाखवायचा असेल तर मला एकटीला पाठवा, ग्रुपवर नको."

शेवटचा परिच्छेद लिहिला म्हणून बरं झालं. रात्री आप्पाकाकांचा फोन आला. "म्हणजे वाईट नाही म्हणतेस ना? मग मीही सुरू करतो. म्हातारपणी स्नायूंना चांगलं असतं, असा दुसरा एक मेसेज आलाय." आप्पाकाकांना पंधरा वर्षांचा मधुमेह आहे आणि लघवीत अल्ब्युमिन जातं. मी म्हटलं, "काका, तुमच्यासाठी शेवटचा परिच्छेद लिहिलाय, वरचे चार नाही." वयस्कर पण निरोगी माणसाने ताकदीच्या व्यायामाबरोबर क्रिएटिन घेतलं तर थोडा फायदा दिसतो, हे खरं. काकांची गोष्ट निराळी. त्यांचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी ज्या क्रिएटिनिनवर नजर ठेवतात आणि ज्यावरून मेटफॉर्मिनचा डोस ठरवतात, तोच आकडा पावडरीने गढूळ होईल. खरंच किडनी ढासळायला लागली तरी सगळे 'पावडरीमुळे असेल' म्हणून गप्प बसतील.

तुमच्या ग्रुपवर असं काही लिहायची वेळ आली तर आमच्या अनुभवातून सांगते. फॉरवर्डमध्ये जेवढं खरं आहे ते आधी मान्य करा. 'क्रिएटिनिन वाढतं' हे खरंच आहे, ते नाकारलं असतं तर पुढचं कुणी वाचलंच नसतं. पाठवणाऱ्याचं नाव घेऊन चूक दाखवू नका. मी आप्पाकाकांचा व्हिडिओ उद्धृत केला नाही, म्हणूनच ते रात्री फोन करू शकले. आणि 'सुरक्षित आहे' या शब्दांपाठोपाठ 'कुणासाठी नाही' हे त्याच मेसेजात लिहा. वेगळा मेसेज केलात तर पहिलाच फॉरवर्ड होतो, दुसरा मागे राहतो.

घरात कुणी पावडर घेत असेल तर रक्त देताना फॉर्मवर तसं लिहा, किती ग्रॅम तेही. आदले दोन दिवस जड व्यायाम नको, आदल्या रात्री मटण-चिकन नको. पावडर सुरू करायच्या आधीच एकदा क्रिएटिनिन करून ठेवलं तर फारच उत्तम. आमच्या भाच्याचा जुना रिपोर्ट असता तर निम्मा गोंधळ तिथेच मिटला असता. आणि मात्रा वाढवायच्या मोहात पडू नका. रोज २० ग्रॅम आठवडाभर घेऊन साठा लवकर भरता येतो, पण एका वेळी जास्त घेतलं की पोट बिघडतं. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तरी साधारण चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो.

आता उलट बाजू. आमच्याकडे पावडरच कारण निघाली, म्हणून प्रत्येक वाढलेलं क्रिएटिनिन पावडरीच्या नावावर खपवू नका. लघवीत प्रथिनं किंवा रक्त, वाढलेला युरिया किंवा पोटॅशियम, चढा रक्तदाब, चेहऱ्यावर किंवा पायावर सूज, यातलं एकही सोबत असेल तर वाट पाहत बसू नये. आणि हे काही नसलं, तरी सहा आठवडे पावडर बंद ठेवून, मटण आणि व्यायाम टाळून दिलेल्या रक्तातही आकडा तिथेच राहिला, तर पावडरीचा त्यात दोष नाही असं समजा आणि किडनीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या.