विसाराच्या नावाखाली होणारी फसवणूक

जनावरे, कडबा किंवा जुनी अवजारे विकण्यासाठी शेतकरी आता मोबाइलवर जाहिरात देतात. अशा विक्रीत विसार मिळण्याऐवजी विक्रेत्याच्याच खात्यातून पैसे गेल्याचे प्रकार घडतात. हे कसे घडते, ते पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

उदाहरण

एका शेतकऱ्याने म्हशीची 85,000 रुपये किंमत सांगून जाहिरात दिली, असे समजू. त्याच दिवशी एका अनोळखी माणसाचा फोन येतो. तो आपण सैन्यात असल्याचे सांगतो, म्हैस न पाहता व घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि 5,000 रुपये विसार लगेच पाठवितो म्हणतो. खात्री पटावी म्हणून तो प्रथम 10 रुपये पाठवितो, व ते खरोखरच जमा होतात. नंतर तो एक चौकोनी क्यूआर कोड पाठवून सांगतो, "दादा, हा स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे विसार जमा होईल." पिन टाकताच खात्यातील 31,410 रुपयांतून 5,000 रुपये वजा होतात. शेतकरी तक्रार करतो, तेव्हा "चूक झाली, दोन्ही रकमा मिळून 10,000 परत करतो" असे सांगून दुसरा कोड येतो. तोही स्कॅन केल्यावर आणखी 10,000 रुपये जातात. आता खात्यात 16,410 रुपये उरतात, व समोरचा फोन बंद होतो.

खूण त्या पहिल्या 10 रुपयांतच होती. ते जमा झाले तेव्हा शेतकऱ्याने कोड स्कॅन केला नव्हता व पिनही टाकला नव्हता.

कोडमध्ये काय असते

क्यूआर कोड म्हणजे चित्ररूपाने लिहिलेला मजकूर होय. त्या भामट्याच्या कोडमध्ये साधारणतः असा मजकूर असतो :

```
upi://pay?pa=xxxx@bank&am=5000&tn=Receive
```

`pay` म्हणजे "द्या". `pa` पुढे पैसे घेणाराचा पत्ता असतो आणि `am` पुढे रक्कम असते. `tn` पुढील शेरा मात्र कोड तयार करणारा आपल्या मर्जीने लिहितो. त्यामुळे पडद्यावर `Receive` असा शब्द दिसला, तरी त्यावरून पैसे येणार असे ठरत नाही. पैसे घेणारा कोड दाखवितो आणि पैसे देणारा तो स्कॅन करतो, हा यातील क्रम आहे. म्हैस विकणाऱ्याला विसार हवा असेल, तर त्याने स्वतःचा कोड दाखवावा.

पूर्वी हाच डाव "कलेक्ट रिक्वेस्ट" म्हणजे पैशाची मागणी पाठवून केला जात असे. ती मागणी मान्य केली की पैसे जात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद करण्यात आली. काही व्यापाऱ्यांची मागणी मात्र अद्याप येऊ शकते, आणि क्यूआर कोडचा मार्गही उघडाच आहे.

चूक का होते

मनीऑर्डर घेताना सही किंवा अंगठा द्यावा लागतो. एटीएमवर पिन टाकला की हातात नोटा येतात. त्यामुळे पैसे घेण्यासाठीही काहीतरी खूण द्यावी लागते, अशी मनाची सवय झालेली असते. परंतु एटीएममधून येणारा पैसा आपल्याच खात्यातून वजा होतो. यूपीआय पिनचेही तसेच आहे. तो आपल्या खात्यातून पैसे देण्याची संमती होय. 2025 पासून काही अ‍ॅपमध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो. तीही पैसे देण्याचीच संमती समजावी.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने सभेत एका शेतकऱ्यास फोन बंद करून खिशात ठेवण्यास सांगावे व त्याच्या खात्यावर 1 रुपया पाठवावा. फोन पुन्हा सुरू केल्यावर शिल्लक पाहिली असता रुपया जमा झालेला आढळेल. पैसे घेण्यास फोन हातात घेण्याचीही गरज नाही, हे यावरून सर्वांना पटते. नंतर त्याच शेतकऱ्यास दुसऱ्याचा कोड स्कॅन करावयास लावावा आणि पिन टाकण्यापूर्वी थांबवून पडद्यावरील रक्कम व पैसे घेणाराचे नाव मोठ्याने वाचावयास सांगावे.

पैसे गेल्यास

भामटा मिळालेली रक्कम लवकरच दुसऱ्या खात्यांत हलवितो. ती हलण्यापूर्वीच रोखता येते, म्हणून ताबडतोब 1930 या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक, रक्कम व वेळ सांगावी. तक्रार `cybercrime.gov.in` येथेही नोंदविता येते. आलेले संदेश व कोड पुसून टाकू नयेत. पिन स्वतः टाकलेला असल्याने बँकेकडून भरपाई मिळणे कठीण जाते. "परतफेडीचा" दुसरा कोड आल्यास तो कदापि स्कॅन करू नये, कारण पहिल्यापेक्षा मोठे नुकसान पुष्कळदा त्यातच होते.