सोमवारच्या बैठकीचा फलक : काजू युनिटचे पाच आकडे

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात काजू प्रक्रिया करणाऱ्या एका गटाच्या सोमवारच्या बैठकीला बसले होते. हिशोब लिहिणाऱ्या ताईंनी एकोणीस रकान्यांचा कागद सगळ्यांच्या हातात दिला. बी किती आली, किती उकडली, किती कापली, वीजबिल, डिझेल, हजेरी, पिशव्या, सगळे होते. पाऊण तास वाचन झाले. शेवटी अध्यक्षताई म्हणाल्या, "बरं चाललंय की नाही, एवढंच सांगा." तेच कुणाला सांगता येईना.

म्हणून या अंकात डॅशबोर्डचा धडा घेऊ. डॅशबोर्ड म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरसमोर असतो तसा फलक. गाडीत शेकडो भाग असतात, पण चालवताना पाहायचे काटे मोजके. आपला फलक एका कार्डशीटवर स्केचपेनने काढला तरी चालतो, मोबाईलमधल्या शीटवर केला तरी चालतो. आकडा निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हा आकडा बिघडला तर सोमवारी आपण काय वेगळे करू? उत्तर नसेल तर तो आकडा वहीत राहू दे, फलकावर नको. वीजबिल महिन्याने येते, ते महिन्याच्या बैठकीत. ड्रायरचे तापमान रोज, किंबहुना तासातासाला बघायचे, त्यासाठी सोमवारची वाट बघून कसे चालेल?

या चाळणीतून त्या युनिटसाठी पाच आकडे उरले. पुढचे आकडे धडा समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या युनिटचे वेगळे येतील.

पहिला आकडा उताऱ्याचा. शंभर किलो बीमागे किती किलो गर निघाला, तो उतारा. पाचशे किलो बीतून १३५ किलो गर आला तर उतारा २७. शीटवर ब रकान्यात बी आणि क रकान्यात गर लिहिला, तर सूत्र असे :

```
=C2/B2*100
```

याला रेषेचा आलेख घ्यायचा. आडवे आठवडे, उभा उतारा, दर आठवड्याला एक ठिपका आणि ठिपके जोडणारी रेघ. आपला प्रश्न "चढतोय की उतरतोय" असा असतो, आणि चढउतार डोळ्याला रेघेत दिसतो.

इथे एक खड्डा आहे, त्यात बहुतेक जणी पडतात. सोमवारी उकडलेली बी थंड होऊन, कापून, सुकवून, सोलून हातात येईपर्यंत आठवडा संपत येतो. या आठवड्याचा गर भागिले या आठवड्याची बी असे केले तर गर एका मालाचा आणि बी दुसऱ्याच मालाची होते. रेघ करवतीसारखी वरखाली होते आणि सगळ्या उगाच घाबरतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक लॉटला नंबर द्या, पोत्यावर आणि ट्रेवर तोच नंबर लिहा, आणि लॉट ज्या आठवड्यात संपेल त्या आठवड्यात त्याचा उतारा धरा.

दुसरा आकडा अख्ख्या गराचे प्रमाण, आणि माझ्या मते या धंद्याचा जीव इथेच आहे. शंभर किलो गरातला अख्खा किती आणि पाकळी, तुकडा, कणी किती? खरेदीदार भाव प्रतीवर देतो. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू २४० मध्ये २२० ते २४०. पण आधी गर अख्खा असेल तरच तो या डब्ल्यूच्या प्रतींत जातो.

दहाव्या आठवड्यात २६० किलो गर निघाला, त्यातला ८१ टक्के अख्खा, म्हणजे साधारण २११ किलो. अकराव्या आठवड्यात ३०० किलो गर, त्यातला ७१ टक्के अख्खा, म्हणजे २१३ किलो. नुसत्या किलोच्या कागदावर दोन्ही आकडे वाढलेले दिसले आणि टाळ्या वाजल्या. पण उतारा २७ धरला तर चाळीस किलो जास्त गरासाठी दीडशे किलोच्या आसपास जास्त बी गेली होती, आणि अख्खा गर वाढला अवघा दोन किलो. पूर्वीचेच ८१ टक्के राहिले असते तर २४३ किलो अख्खा मिळाला असता. तीस किलो अख्ख्याचा तुकडा झाला. दोन्हींच्या भावात किलोमागे दीडशे रुपयांचा फरक धरा. आठवड्याला साडेचार हजार रुपये गेले. म्हणून फलकावर नुसते किलो नकोत, प्रमाण हवे.

या आकड्यालाही रेषेचाच आलेख. मात्र दर आठवड्याचा चढउतार म्हणजे बातमी नव्हे, बी सारखी नसते, हात सारखे नसतात. मग खरा बिघाड ओळखायचा कसा? आधीचे दहा आठवडे घ्या : ७८, ८०, ७७, ७९, ८१, ७८, ८०, ७९, ७७, ८१. सरासरी ७९. आता लागून असलेल्या दोन आठवड्यांतला फरक मांडा : २, ३, २, २, ३, २, १, २, ४. त्यांची सरासरी सुमारे २.३. तिला २.६६ ने गुणा, साधारण ६ येतात. सरासरीच्या वर ६ आणि खाली ६, म्हणजे ८५ आणि ७३ वर दोन तुटक रेघा मारा. ठिपका या पट्ट्यात असेल तर बैठकीत त्यावर कुणाला बोल लावायचा नाही. ७१ पट्ट्याच्या बाहेर आहे, म्हणजे काहीतरी नक्की बदलले आहे, शोधा. २.६६ हा गुणक कारखान्यांच्या नियंत्रण आलेखातला ठरलेला आहे, तो आपण बदलायचा नाही. आणि कामाची पद्धत मुद्दाम बदललीत, म्हणजे नवे कटिंग मशीन आणले वगैरे, तर पट्टा नव्याने काढा.

प्रतींसाठी पुष्कळ जणी गोल पोळीचा आलेख काढतात. दिसतो छान, पण मागच्या सोमवारची पोळी आणि आजची पोळी शेजारी ठेवून तुकडा दहा टक्क्यांनी वाढला हे डोळ्याने सांगून बघा. जमत नाही.

तिसरा आकडा : गर कुठे फुटला. यासाठी कापणीनंतर एकदा आणि सोलणीनंतर एकदा फुटका गर वेगळा करून वजन करायचे. चित्र आडव्या पट्ट्यांचे. ठिकाणांची तुलना करताना पट्टीची लांबी डोळा चटकन पकडतो, आणि ठिकाणाचे नाव आडवे लिहिता येते. पट्टी मात्र शून्यापासूनच सुरू करा. वीस किलोपासून सुरू केली तर २५ आणि ३० मधला फरक दुप्पट वाटतो आणि विनाकारण कुणाकडे बोट जाते. रेषेच्या आलेखाला ही अट नाही, तिथे आपण चढउतार बघतो, लांबी नाही.

दहाव्या आठवड्यात कापणीला २५ आणि सोलणीला २४ किलो फुटला होता. अकराव्यात कापणीला ३० आणि सोलणीला ५७. माल जास्त होता, म्हणून कापणीचे ३० ठीकच. सोलणीची पट्टी मात्र दुपटीच्या वर. मग बैठक थेट सोलणीच्या टेबलापाशी नेली. एक आजी म्हणाल्या, "साल तर हात लावताच सुटत होती गो, पण गर पापडासारखा मोडत होता." खूण हीच. गर जास्त सुकला की साल सहज सुटते पण गर ठिसूळ होतो. कमी सुकला तर साल चिकटून बसते, सुरी लावावी लागते, आणि सुरीने गर मोडतो किंवा खरचटतो. रात्री वीज गेली होती, परत आल्यावर ड्रायर पहाटेपर्यंत चालू राहिला, बंद करायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. त्या दिवशी दोन कामे ठरली : ड्रायरजवळ वेळेची वही, आणि रात्रीच्या पाळीला एक नाव.

चौथा आकडा ऑर्डरींचा. आठवड्याला तीन-चार ऑर्डरी असतात. प्रत्येकीची एक रिकामी चौकट काढा आणि माल गेला तेवढी रंगवत जा. शेजारी कबूल केलेली तारीख. मोटारीच्या काट्यासारखी गोल घड्याळे मोबाईलवर मिळतात, ती घेऊ नका. जागा खातात आणि सांगतात फक्त एक आकडा. हा आकडा दुसऱ्याच्या शेजारी लावायचा, कारण तारखेची घाई झाली की हात भराभर चालतात आणि गर फुटतो. नुसत्या ऑर्डरींचे कौतुक केलेत तर तुकडा वाढेल. नुसत्या अख्ख्याचे कौतुक केलेत तर माल वेळेवर जाणार नाही.

आणि हो, कुठल्याही चित्रावर बाईचे नाव घालू नका. कापणारीला कोणती बी मिळाली, किती उकडलेली मिळाली, हे तिच्या हातात नसते. नाव लागले की फुटका गर दुसऱ्याच्या टोपलीत जातो आणि तुमचा आकडाच खोटा होतो.

पाचवा आकडा हातांचा. काजूच्या टरफलातल्या तेलाने, आपण चीक म्हणतो त्याने, कातडी भाजते, काळी पडते, सोलवटते. यासाठी आलेख नको, कॅलेंडरच घ्या. ज्या दिवशी कुणाला चीक लागून भाजले त्या दिवसावर लाल टिकली. आठवड्याला एक किंवा दोन टिकल्या, त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. कोणत्या वारी आणि कोणत्या कामाला, ते बघा.

त्या युनिटच्या कॅलेंडरवर पहिले पाच आठवडे एकही टिकली नव्हती. सगळ्या खूश होत्या. मी चहाच्या वेळी हात बघायला मागितले, तर सातपैकी चौघींच्या बोटांना डाग. एक हळूच म्हणाली, "टिकली लावली तर घरी बसवतील, मजुरी बुडेल, म्हणून नाय लावली." त्याच सोमवारी ठराव झाला की टिकली लावणारीला त्या दिवशी पॅकिंगचे काम द्यायचे, मजुरी पूर्ण द्यायची. पुढच्या आठवड्यात पाच टिकल्या लागल्या. त्यातल्या चार शुक्रवारच्या, आणि शुक्रवारी हातमोजे संपलेले होते.