शेळीची गोष्ट

प्रिय मृण्मयी,

शाळेच्या हस्तलिखितासाठी तू पाठवलेली गणूची गोष्ट वाचली. मूळ पानाचा फोटोही जोडलास ते उत्तम. तिसरीतला मुलगा, एका दमात सांगतो:

"काल ना आमची शेळी व्याली मग आज्जी म्हणली गप बस मग मी गप बसलो आणि मग दोन पिल्लं झाली आणि माझा चुलतभाऊ आला त्याच्याकडं लाल सायकल हाये आणि एक पिल्लू काळं होतं ते उठायचं आणि पडायचं उठायचं आणि पडायचं आणि मला शाळेला उशीर झाला आणि आधी ना शेळी लई ओरडत होती."

तू केलेलं रूप असं: "काल आमच्या शेळीने दोन गोंडस पिल्लांना जन्म दिला. त्यांना पाहून माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. आपण मुक्या प्राण्यांवर प्रेम केले पाहिजे." शुद्धलेखनाची एक चूक नाही, पण गणूही कुठे नाही. 'गोंडस' तो म्हणाला नव्हता. आनंद झाला असंही म्हणाला नव्हता. पिल्लू उठायचं आणि पडायचं, एवढंच त्यानं सांगितलं, आणि आनंद त्यातच आहे. 'व्याली' हा शेळीसाठी अचूक शब्द त्याला येतो, तो काढून 'जन्म दिला' कशाला?

मुलाच्या बोलण्यात खरा घोटाळा असतो तो क्रमाचा. जे आधी घडलं ते आठवेल तेव्हा येतं. शेळीचं ओरडणं शेवटी आलं आहे, ते सुरुवातीला ने. हे बेलाशक कर, त्यानं त्याचा आवाज बदलत नाही.

मग बारीकसारीक शब्दांकडे बघ. 'ना' ऐकणाऱ्याचं लक्ष धरून ठेवायला असतो; कागदावर त्याचं काम संपतं. 'आणि'च्या जागी बहुतेक ठिकाणी पूर्णविराम चालतो. 'मग' मात्र सरसकट काढू नकोस. आज्जी गप बस म्हणाली म्हणून तो गप बसला, तिथला 'मग' कारण सांगतो. तो राहू दे. आणि वाक्यं जोडायला 'पाहून, ऐकून, जाऊन' यांची साखळी लावू नकोस. ती त्याची सवय नाही. गणू प्रत्येक कृतीला तिचं स्वतंत्र क्रियापद देतो. 'उठायचं आणि पडायचं' दोनदा आहे तेही तसंच ठेव. पिल्लू किती वेळ धडपडत होतं ते त्या पुनरुक्तीतूनच कळतं.

सायकलचं वाक्य तू विषयांतर म्हणून गाळलंस. गाळण्याआधी विचारायचं असतं. "गणू, सायकल मध्येच कुठून आली रे?" एवढंच. कदाचित भाऊ गूळ आणायला गेला असेल. व्यालेल्या शेळीला गुळाचं कोमट पाणी देतात. तसं निघालं तर सायकल गोष्टीचा भागच ठरते, फक्त मधला दुवा त्यानं सांगितलेला नसतो. काहीच संबंध नसेल तर वाक्य काढ. पण उत्तर त्याच्याकडून येऊ दे, गूळ तू घालू नकोस. दुसरं पिल्लू कोणत्या रंगाचं, आज्जी नेमकं काय म्हणाली, तो स्वतः तेव्हा काय करत होता, हेही त्यालाच विचार. तू विचारलंस आणि त्याची उत्तरं अशी आली असं धरून लिहिते:

"काल सकाळी आमची शेळी खूप ओरडत होती. मी जवळ गेलो. आज्जी म्हणाली, 'गप बस, ती व्यायला लागलीय.' मग मी गप बसलो. शेळीला दोन पिल्लं झाली. एक काळं होतं आणि एक आईसारखं. माझा चुलतभाऊ त्याच्या लाल सायकलवरून गूळ आणायला गेला. काळं पिल्लू उठायचं आणि पडायचं, उठायचं आणि पडायचं. मी बघत बसलो. मला शाळेला उशीर झाला."

'लई'चं 'खूप' मी केलं, कारण तो निवेदनात आहे. याबाबत मी फार आग्रही नाही. तुमच्या हस्तलिखितात सगळीच मुलं 'लई' लिहीत असतील तर राहू दे. आज्जीच्या तोंडी मात्र तिचीच बोली हवी. साहित्य महामंडळाचे लेखननियमही पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहू देतात. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं मात्र बिनधास्त दुरुस्त कर. 'पिल्ल'वर टिंब दिल्यानं कुणाचं बालपण हरवत नाही.

मुक्या प्राण्यांवरचं वाक्य काढलं आहे. उशीर झाला, तिथे गणूची गोष्ट संपते.

हस्तलिखितात घालण्याआधी गणूला मोठ्यानं वाचून दाखव. तो मध्येच "नाही बाई, ते पिल्लू आधी पडलं" असं भांडला, तर समज की गोष्ट अजून त्याचीच आहे. तो निमूट ऐकून "छान आहे" म्हणाला, तर पुन्हा मूळ पान काढ आणि तू घातलेला प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं खूण करून बघ, कुठला त्याला परका वाटला असेल. पुढच्या खेपेला पाचवीतल्या मुलींच्या गोष्टी पाठवशील तेव्हाही मूळ पानं सोबत असू देत.

तुझी,
मावशी