सहा अक्षरांचं कोडं

'फोन जोडा, वही दाखवा' हे ऐकायला दोन मिनिटांचं काम वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. आपलं कॉलेज अवसरी खुर्दला, आणि शेजारच्या अवसरी बुद्रुकला माझ्या ओळखीचे एक सर दहावीच्या मुलांना भूमिती शिकवतात. त्यांच्याकडे भिंतीवर मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल आहे. एका रविवारी त्यांनी बोलावलं. म्हणाले, "अरे, तू इंजिनीअरिंगचा ना? मग मुलांच्या वह्या त्या पडद्यावर कशा दाखवायच्या ते एकदा करून दाखव." मी मोठ्या ऐटीत गेलो आणि पहिली पंचवीस मिनिटं घाम पुसत बसलो. त्या पंचवीस मिनिटांत जे समजलं ते इथे लिहितो आहे.

आधी नेहमीची कृती सांगतो. पॅनेलवर स्क्रीन शेअर करायचं ॲप उघडायचं. त्यावर तीन गोष्टी दिसतात: वाय-फायचं नाव, एक छोटा कोड आणि बहुतेक वेळा पॅनेलचा आयपी पत्ता. फोन त्याच वाय-फायला जोडायचा, फोनवरच्या ॲपमध्ये कोड टाकायचा आणि 'पूर्ण स्क्रीन', 'कॅमेरा' किंवा 'फोटो' यांपैकी एक निवडायचं. पूर्ण स्क्रीन दाखवायची असेल तर अँड्रॉइड स्वतः एकदा परवानगी विचारतं. काही पॅनेलवर सरांनी 'परवानगी द्या' हे बटण दाबल्याशिवाय चित्र येत नाही.

मी हे सगळं केलं. पॅनेलने स्वतःचा हॉटस्पॉट सुरू केला होता, त्याला फोन जोडला आणि कोड टाकला. उत्तर आलं, 'डिव्हाइस सापडले नाही'. कोड पुन्हा वाचला, शून्य आणि ओ यांची अदलाबदल करून पाहिली. तरी तेच. मागच्या बाकावरून आवाज आला, "दादा, रेंज नाही का?" सगळे हसले. खरं म्हणजे रेंज होती, आणि तोच घोळ होता!

कोडमध्ये असतं काय?

हे समजण्यासाठी कोड म्हणजे काय ते पाहू. फोनने पॅनेलपर्यंत पोचायचं तर त्याला पॅनेलचा आयपी पत्ता हवा. आमच्या पॅनेलचा पत्ता होता 192.168.43.1. एवढा आकडा मुलांना वाचून टाकायला लावणं त्रासाचं, म्हणून तो छोटा करायचा. अशा स्थानिक नेटवर्कमध्ये 192.168 हा भाग सगळ्यांना सारखाच असतो. उरले 43 आणि 1. समजा आपणच कोड बनवायचा ठरवला, तर 43 ला 256 ने गुणून 1 मिळवायचा:

```
43 × 256 + 1 = 11009
11009 = 8 × 36² + 17 × 36 + 29
8 → 8,  17 → H,  29 → T
```

दहा अंक आणि सव्वीस अक्षरं मिळून 36 चिन्हं होतात, म्हणून 36 च्या पायात लिहिलं. 192.168.43.1 या पत्त्याचा कोड झाला 8HT. फोनवरचं ॲप हेच गणित उलटं करतं आणि पत्ता काढतं. या रीतीने शेवटच्या दोन भागांचे सगळे 65,536 पत्ते चार चिन्हांत बसतात. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते, आणि ही तर मी समजावण्यासाठी बनवलेली आहे. पण मुद्दा हा की असा कोड म्हणजे आखूड केलेला पत्ता असतो. पत्ता माहीत असला म्हणून तिथे जायला रस्ता असेलच असं नाही.

माझं तेच झालं होतं. पॅनेलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नव्हतं. फोनने ते ओळखलं आणि शहाणपणा करून मोबाइल डेटाकडे वळला. वर वाय-फायची खूण दिसत होती, म्हणून मला संशय आला नाही. ॲप 192.168.43.1 हा पत्ता मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर शोधत होतं. तो तिथे कसा सापडणार? मोबाइल डेटा बंद केला, 'या नेटवर्कमध्ये इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे?' या प्रश्नाला 'हो' म्हटलं, आणि एका क्षणात चित्र आलं.

हे ओळखायचं कसं? वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या फोनचा पत्ता पाहायचा. पॅनेल 192.168.43.1 असेल तर फोन 192.168.43 ने सुरू होणारा हवा. तसा असूनही जोडणी होत नसेल तर आधी मोबाइल डेटा बंद करून पाहायचा.

एवढं करूनही अडलं तर आणखी एक कारण असू शकतं. मोठ्या कॅम्पसच्या वाय-फायवर पुष्कळदा एका उपकरणाला दुसऱ्याशी थेट बोलू देत नाहीत. याला क्लायंट आयसोलेशन म्हणतात. एकाच्या फोनमधला व्हायरस दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जाऊ नये म्हणून ही सोय असते, आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे फोन आणि पॅनेल एकाच वाय-फायवर असूनही अनोळखी राहतात. पॅनेलच्या स्वतःच्या हॉटस्पॉटवर जोडणी होते आणि कॅम्पसच्या वाय-फायवर होत नाही, असं दिसलं तर कोडला दोष देऊ नका. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारा.

दुसऱ्या प्रकारचा कोड मात्र पत्ता नसतो. तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. त्याला एकच वाय-फाय लागत नाही, पण इंटरनेट लागतंच. फोन पॅनेलला चिकटवून धरला तरी इंटरनेट गेलं की जोडणी नाही. आपला कोड कुठल्या जातीचा हे तपासायची सोपी युक्ती आहे. राउटर चालू ठेवून त्याची इंटरनेटची वायर काढायची आणि पुन्हा जोडून पाहायचं. जोडलं गेलं तर कोड स्थानिक.

कोड पडद्यावरच का?

पत्ता सापडला की काम संपलं असं नाही. शेजारच्या वर्गातल्या कुणी गंमत म्हणून आपला फोटो पॅनेलवर टाकला तर? म्हणून कोडला दुसरंही काम असतं: टाकणारा याच खोलीत आहे याचा पुरावा देणं. 2014 साली गूगलने क्रोमकास्टमध्ये पाहुण्यांसाठी अशीच सोय आणली होती. त्यात चार आकडी पिन माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीतून पाठवला जायचा. भिंतीपलीकडे तो ध्वनी नीट पोचत नाही, ही त्यातली खुबी. फोनने ऐकला नाही तर पिन टीव्हीवर वाचून टाकायचा. आपलं पॅनेल ध्वनीऐवजी नजरेवर विसंबतं, एवढाच फरक.

आता वरचा 8HT हा पुरावा होऊ शकत नाही, कारण त्याच नेटवर्कवरचा कुणीही तो गणिताने काढेल. त्यासाठी दरवेळी बदलणारे यादृच्छिक आकडे हवेत. समजा कुणी सेकंदाला एक कोड टाकून पाहतो आहे. 45 मिनिटांच्या तासात 2,700 प्रयत्न होतात. चार आकडी कोडचे पर्याय 10,000, म्हणजे कोड सापडण्याची शक्यता 27 टक्के. सहा आकडी असेल तर पर्याय 10 लाख, आणि शक्यता 0.27 टक्के. म्हणून कोड सहा आकडी असावा आणि दर तासाला बदलावा. जुना कोड फळ्यावर लिहून ठेवायचा नाही.

वही दिसली, पण कंस गेले

आता त्या दिवसाचा खरा किस्सा. सरांनी दिलेली रचना होती, वर्तुळकेंद्राचा उपयोग न करता वर्तुळावरच्या बिंदूतून स्पर्शिका काढणे. दहावीत आपण सगळ्यांनी केली आहे. वर्तुळावर स्पर्शबिंदू C, जीवा CB, आणि वर्तुळावरच तिसरा बिंदू A. मग कोन BAC एवढाच कोन C पाशी जीवा CB वर काढायचा, की दुसरी भुजा स्पर्शिका होते. कोन कंपासने उचलला आहे हे दाखवणारे कंस कागदावर दिसलेच पाहिजेत.

एका मुलीने वही पुढे केली. मी फोन उभा धरून कॅमेरा सुरू केला आणि पूर्ण स्क्रीन पॅनेलवर पाठवली. वर्तुळ दिसलं, स्पर्शिका दिसली, कंस मात्र एकही नाही. सर म्हणाले, "अगं, ही रेघ अंदाजे मारली आहेस." ती रडवेली झाली. "नाही सर, कंस काढलेत, वहीत बघा ना." वहीत खरोखरच पुसट पेन्सिलीचे कंस होते. पॅनेलने ते खाल्ले होते!

कारण आकड्यांत आहे. माझ्या फोनची स्क्रीन 1080 × 2400. ती 1920 × 1080 च्या व्हिडिओत उभी बसवायची तर 2400 चे 1080 होतात आणि रुंदी उरते 486. वहीचं पान साधारण 170 मिलिमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरला तीनही पिक्सेल नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेला दीड पिक्सेल मिळाला. शिवाय व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतात, त्यात पुसट फरक आधी जातात. काळी स्पर्शिका टिकली, राखाडी कंस गेले.

मग मी स्क्रीन शेअर बंद करून पानाचा फोटो काढला आणि त्याच ॲपमधून 'फोटो' म्हणून पाठवला. फोटो 3000 × 4000 चा. आता एका मिलिमीटरला सतराच्या वर पिक्सेल, म्हणजे त्याच रेघेला जवळजवळ नऊ. पॅनेलवर दोन बोटांनी मोठं केलं तर चारही ठिकाणी कंस स्पष्ट: A पाशी, C पाशी आणि छेदबिंदूचे. सरांनी लगेच "बरोबर आहे गं, माझंच चुकलं" म्हटलं आणि तिच्याकडूनच पॅनेलवर बोट ठेवून रचना समजावून घेतली. वर्गात एकदम शांतता होती.

तेव्हापासून माझा नियम ठरला. हालचाल दाखवायची असेल, म्हणजे प्रयोग किंवा कंपास फिरवताना, तरच कॅमेरा किंवा स्क्रीन पाठवायची. कागदावरचं पूर्ण झालेलं काम असेल तर फोटोच. याचा आणखी एक फायदा आहे. पूर्ण स्क्रीन पाठवली की फोनवर येणारा प्रत्येक मेसेजही पडद्यावर जातो. त्या दिवशी घरून आलेला 'दुधाचे पैसे दिलेस का' हा निरोप चाळीस मुलांनी मोठ्याने वाचला. त्यावर निभावलं, पण दुसऱ्या कुणाला याहून खाजगी मेसेज आला असता तर? स्क्रीन पाठवणारच असाल तर आधी 'व्यत्यय आणू नका' लावा. नव्या अँड्रॉइडमध्ये पूर्ण स्क्रीनऐवजी एकच ॲप दाखवायचा पर्याय मिळत असेल तर तो निवडा. आणि मुलाचा फोन जोडण्यापूर्वी त्याला विचारा.

असो. जाताना सरांनी चहा पाजला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना?" मी म्हटलं, "येईन की! पण जोडणी आता त्या मुलीलाच करू द्या." तिने तोवर मोबाइल डेटा बंद करून कोड टाकायला सुरुवात केलीही होती.